चंद्राभोवतीची रंगीत कडी

नमस्कार श्रोतेहो.

चंद्रावरून पातळ ढग सरकताना नीट पाहिलंत, तर कधी कधी चंद्राला चिकटूनच एक निळसर पांढरी तबकडी दिसते. तिची कड तांबूस, तपकिरी असते. ढग फार चांगला असेल तर त्याबाहेर निळं, हिरवं, तांबडं अशी आणखी एक-दोन कडी उमटतात. शास्त्रज्ञ याला ‘कोरोना’, म्हणजे मुकुट म्हणतात. त्या विषाणूच्या बऱ्याच आधीपासून हे नाव चालत आलं आहे.

चंद्राला पडणारं मोठं खळं मात्र वेगळं. ते चंद्रापासून तब्बल 22 अंश दूर असतं. हात लांब करून पंजा पूर्ण ताणला, तर अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत जवळपास तेवढं अंतर भरतं. बर्फाच्या स्फटिकांतून प्रकाश वाकून जातो आणि ते खळं तयार होतं. त्यात तांबडा रंग आतल्या बाजूला असतो. आपल्या कड्यांत तो बाहेर असतो. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी दोघांची गल्लत होत नाही.

तांबडा बाहेर का? ढगातल्या बारीक थेंबाच्या कडेवरून जाताना प्रकाशाच्या लाटा थोड्या बाजूला पसरतात. याला विवर्तन म्हणतात. लाट जितकी लांब, तितकी ती जास्त पसरते आणि तांबड्याची लाट निळ्यापेक्षा लांब असते. मध्यभागी सगळेच रंग एकमेकांवर पडतात, म्हणून तिथे पांढरं दिसतं. बाहेर सरकत गेलं की निळा आधी संपतो आणि कडेला तांबूस उरतो. गंमत म्हणजे यात पाण्याच्या पाणीपणाचा फारसा संबंध नाही. तेवढ्याच आकाराचा गोल, अपारदर्शक कण असता तरी जवळजवळ अशीच कडी दिसली असती. हवेत परागकण दाटले की तशी ती दिसतातही.

म्हणजे ही कडी फक्त थेंबाचा आकार सांगतात, आणि तो आपल्याला घरबसल्या मोजता येतो. पूर्ण चंद्राची रुंदी साधारण अर्धा अंश. समजा, चंद्राच्या मध्यापासून तांबूस कडेपर्यंत चार चंद्र मावतील असं दिसलं, तर ते अंतर झालं 2 अंश. आता 40 ला या अंशांनी भागायचं. उत्तर आलं 20. हा थेंबाचा व्यास, मायक्रॉनमध्ये. असे पन्नास थेंब ओळीने मांडले तर एक मिलिमीटर भरेल. हिशोब ढोबळ आहे, पण कित्येक किलोमीटर उंचीवरचा थेंब केवळ नजरेने मोजायचा म्हणजे एवढं चालायचंच.

जरा थांबून पाहत राहिलात, तर तबकडी आकार बदलते. ढगाची विरळ कड चंद्रासमोर आली की ती फुगते. चारऐवजी आठ चंद्र मावू लागले, तर थेंब 10 मायक्रॉनवर आले. कडेला थेंब आटत असतात, म्हणून ते लहान. आणि थेंब लहान तितकं कडं मोठं. एका बाजूला लहान आणि दुसऱ्या बाजूला मोठे थेंब असतील, तर कडं गोल न राहता वेडंवाकडं होतं.

बहुतेक वेळा मात्र नुसती तबकडीच दिसते, बाहेरची कडी दिसत नाहीत. कारण ढगात लहानमोठ्या थेंबांची सरमिसळ असते. प्रत्येक आकाराचं कडं वेगळ्या जागी पडतं आणि रंग एकमेकांत पुसले जातात. थेंब फारच मोठे असले, तर कडं इतकं आवळतं की चंद्राच्या झगमगाटातच हरवतं. आणि ढग दाट असेल, तर प्रकाश एका थेंबावरून दुसऱ्यावर, तिथून तिसऱ्यावर असा भरकटतो आणि सगळं करडं होतं.

फसगत होते ती चष्म्याच्या किंवा खिडकीच्या काचेवर साचलेल्या वाफेमुळे. तिथेही थेंबच असतात आणि तेही तशीच कडी दाखवतात. काहींना तर डोळ्याच्या आतल्या रचनेमुळेच दिव्याभोवती कडी दिसतात. म्हणून उघड्यावर येऊन घराच्या वळचणीआड किंवा खांबाआड फक्त चंद्र लपवा. कडी आकाशात तशीच राहिली, तर ती ढगातली. चंद्राबरोबर तीही गेली, तर ती काचेची नाहीतर डोळ्याची.

सूर्याभोवतीही ही कडी पडतात, खरं तर तिथे रंग जास्त खुलतात. पण प्रखर उजेडामुळे ती आपल्या लक्षात येत नाहीत. सूर्याकडे थेट पाहायचं नाही, पातळ ढगाआड असला तरीही नाही. भिंतीच्या कोपऱ्यामागे तो पूर्ण झाका आणि कोपऱ्यालगतचं आकाश पाहा. तांबूस कड तिथेच सापडते.

नमस्कार.