ई. कोलाय दांडीसारखा का असतो? आणि एमआरईबी बंद पडलं की काय होतं

नमस्कार मंडळी, ठाण्यातून बोलतोय. ई. कोलायची स्लाइड कॉलेजात बघितली असेल ना, ग्रॅम स्टेनमध्ये गुलाबी दांड्या, साधारण 2 मायक्रोमीटर लांब. आता या पेशीच्या आत पाण्याचा चांगलाच दाब असतो, भिंत सतत ताणलेली असते, मग ती फुगून गोल का होत नाही?

इथे येतं एमआरईबी नावाचं प्रोटीन. हे आपल्या स्नायूंमधल्या ॲक्टिनचं लांबचं नातेवाईक, आणि 2001 मध्ये हे नातं स्ट्रक्चरवरून पक्कं झालं. आधी वाटायचं की हे आतून स्प्रिंगसारखं वळसे घेऊन पेशीला धरून ठेवतं. पण 2011 मध्ये मायक्रोस्कोपखाली दिसलं की याचे छोटे छोटे तुकडे आतल्या मेंब्रेनला चिकटून रुंदीच्या दिशेने गोल गोल फिरतायत, आणि त्यांच्यासोबत भिंत बांधणारी एन्झाइम्स, आरओडीए आणि पीबीपी2. म्हणजे एमआरईबी स्वतः भिंत पेलत नाही, ते बांधकामाला दिशा देतं, नवीन धागे आडवे, कंबरपट्ट्यासारखे टाकायला लावतं. सोसायटीच्या जिन्यात लाल बॉक्समध्ये आगीचा पाईप असतो ना, त्यातही आडवे धागे विणलेले असतात म्हणून पाणी सोडलं तरी तो जाड होत नाही, तसंच.

आता ए22 नावाचं केमिकल टाका, ते एमआरईबीलाच चिकटतं आणि त्याचे तुकडे सुटतात. भिंत बनणं थांबत नाही, हे नीट लक्षात घ्या, फक्त कुठे बनायची याचा ताळमेळ जातो. एक-दोन पिढ्यांत दांडी आखूड, जाड, मग गोल.

आणि खरी अडचण पुढे आहे. विभागणीसाठी एफटीएसझेड नावाचं दुसरं प्रोटीन (हे ट्युब्युलिनचं नातेवाईक) पेशीच्या मध्यावर रिंग करतं. पेशी जाड झाली की घेर वाढतो, आणि तेवढ्या घेराला एफटीएसझेड पुरत नाही, मग पेशी दोन होतच नाही, फुगत जाते आणि शेवटी फुटते. मला या सगळ्यात सर्वात भारी वाटतं ते हे, की पेशीला जास्तीचं एफटीएसझेड बनवायला लावलं तर एमआरईबी नसतानाही ती जगते, गोलच राहते पण विभागते! साध्या मीडियावर हळूहळू वाढवली तरी तगते. म्हणजे नुसतं गोल होणं जीवघेणं नव्हतं.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस तर मुळातच गोल, त्याच्याकडे एमआरईबी नाहीच, एफटीएसझेड मात्र आहे.

मेसिलिनाम हे अँटिबायोटिक एमआरईबीला हात लावत नाही, पीबीपी2 बंद करतं, तरी पेशी गोलच होतात कारण साखळी तीच. उलट एफटीएसझेडच बिघडलं तर पेशी लांबत जाते पण तुटत नाही, दोऱ्यासारखी होते. त्यामुळे औषध दिलेल्या स्लाइडवर गोळे दिसले तर बिघाड एमआरईबीच्या बाजूला शोधा, दोरे दिसले तर विभागणीच्या बाजूला, आणि गोळे दिसले म्हणून लगेच कॉकस लिहू नका, आधी औषध कोणतं होतं ते बघा.