वैर संपलं, पण यक्षिणीला ठेवायचं कुठे?

नमस्कार श्रोतेहो.

‘न हि वेरेन वेरानि, सम्मन्तीध कुदाचनं। अवेरेन च सम्मन्ति, एस धम्मो सनन्तनो॥’

ही गाथा तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. विहारात ऐकली असेल, एखाद्या दिनदर्शिकेवर वाचली असेल. धम्मपदातल्या 423 गाथांपैकी ही पाचवी, म्हणजे ग्रंथ उघडला की पहिल्याच पानावर भेटणारी. अर्थ सरळ आहे. या जगात वैरानं वैर कधीच शमत नाही, अवैरानं ते शमतं, हा फार जुना नियम आहे.

गाथा पाठ असते, पण तिच्यामागची गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ज्यांना असते तेही ती अर्ध्यावरच सोडतात, असं माझं मत आहे. धम्मपदाच्या प्रत्येक गाथेमागे ‘ही गाथा बुद्धांनी कुठे, कोणासाठी म्हटली’ हे सांगणारी पाली अट्ठकथा आहे. तिची परंपरा सिंहलद्वीपात, म्हणजे श्रीलंकेत सांभाळली गेली. त्या अट्ठकथेत या गाथेला जोडलेली गोष्ट काली नावाच्या यक्षिणीची आहे. आज तीच सांगतो, आणि शेवटपर्यंत सांगतो.

एका घरात आई आणि मुलगा राहत होते. वडील वारलेले. शेतातलं आणि घरातलं सगळं काम मुलगाच करी. आई म्हणाली, लग्न कर. तो नको नको म्हणत राहिला, पण शेवटी त्यानं ऐकलं. सून आली, पण तिला मूल होईना. मग सासूनं दुसऱ्या सुनेचा विषय काढला. पहिलीच्या ते कानावर गेलं. तिनं विचार केला, यांनी आणलेली सवत मला मोलकरणीसारखी राबवेल, त्यापेक्षा मीच शोधून आणते. आणि तिनं खरंच स्वतः जाऊन सवत आणली.

आणली खरी, पण ती गरोदर राहिली तर घर तिचंच होणार, ही भीती मनात घर करून बसली. म्हणून तिनं सवतीला लाडानं सांगितलं, दिवस गेले की सगळ्यात आधी मला सांग हं. सवत भोळी, तिनं सांगितलं. पहिलीनं रोज स्वतःच्या हातानं पेज-भात द्यायला सुरुवात केली आणि त्यात औषध कालवलं. गर्भ पडला. दुसऱ्या खेपेलाही तेच. तिसऱ्या खेपेला शेजारणींनी सवतीला शहाणं केलं. ‘अगं वेडे, तिला कशाला सांगतेस?’ तिनं लपवून ठेवलं. पण पोट किती दिवस लपणार? पहिलीनं संधी साधली. या वेळी गर्भ वाढलेला होता, तो आडवा आला. बाई वेदनांनी तळमळत मेली, आणि मरताना म्हणाली, मी यक्षिणी होईन आणि तुझी पोरं खाईन.

नवऱ्याला हे कळलं तेव्हा त्यानं पहिल्या बायकोला, माझा वंश बुडवलास म्हणत, कोपरांनी आणि गुडघ्यांनी इतकं बडवलं की तीही मेली. इथे मी नेहमी थांबतो. पुढे जन्मोजन्मीचा हिशेब दोन बायकांचा चालतो. ज्यानं एकीला ठार मारलं तो नवरा गोष्टीतून गुपचूप निघून जातो. सांगणाऱ्यानं त्याचा पुढचा जन्म सांगण्याची तसदी घेतलेली नाही. असो.

मेलेली सवत त्याच घरात मांजर झाली आणि पहिली त्याच घरात कोंबडी. कोंबडीनं अंडी घातली की मांजर खाई. तीनदा खाल्ली, मग कोंबडीलाच खाल्लं. कोंबडी मरताना म्हणाली, पुढच्या जन्मी मी तुला खाईन. पुढच्या जन्मी कोंबडी बिबट्याची मादी झाली आणि मांजर हरिणी. पाडसं तीनदा गेली, चौथ्यांदा हरिणी गेली. आणि हरिणी मरताना तेच म्हणाली. लक्षात घ्या, दर वेळी मरणारीचीच बाजू खरी असते. कोंबडीचं काय चुकलं होतं? हरिणीचं काय चुकलं होतं? ज्या क्षणी सूडाची शपथ घेतली जाते, त्या क्षणी ती घेणारी खरोखरच अन्याय सोसत असते. म्हणून तर वैर संपत नाही.

आता हरिणी यक्षिणी झाली आणि बिबटीण श्रावस्तीत एका चांगल्या घरातली मुलगी. तिचं लग्न झालं, मुलगा झाला. यक्षिणी तिच्या मैत्रिणीचं रूप घेऊन दारात आली. ‘माझी मैत्रीण कुठे आहे?’ ‘आत आहे, बाळंत झालीय.’ ‘मुलगा की मुलगी? बघू तरी!’ असं म्हणत आत गेली आणि बाळ खाऊन निघून गेली. दुसरं बाळही तसंच गेलं. तिसऱ्या वेळी ती बाई बाळंतपणाला माहेरी गेली.

यक्षिणी तेव्हा कुबेराच्या पाणक्यांत होती. अनोतत्त सरोवरातून डोक्यावरून पाणी वाहायचं, महिनोन् महिने. कितीजणी त्यातच मरत. हिची पाळी संपली आणि ही थेट त्या घराकडे धावली. कळलं की माहेरी गेली आहे. म्हणाली, कुठेही जाऊ दे.

इकडे बाळाचं बारसं झालं आणि नवरा-बायको बाळाला घेऊन घरी निघाले. वाट जेतवन विहारावरून जाणारी. विहाराजवळच्या तळ्यात आधी तिनं अंघोळ केली, मग नवरा उतरला, आणि ती काठावर बाळाला पाजत उभी राहिली. समोरून यक्षिणी येताना दिसली. तिनं ओळखलं. ‘अहो, लवकर या, ती आली!’ असं ओरडली, पण नवऱ्याची वाट पाहिली नाही. बाळाला घेऊन विहारात शिरली. बुद्धांचं प्रवचन चालू होतं. तिनं बाळ सरळ त्यांच्या पायाशी ठेवलं. ‘भन्ते, हा तुम्हाला दिला, याला वाचवा.’

यक्षिणीला विहाराच्या दारातल्या देवतेनं अडवलं होतं. बुद्ध आनंदाला म्हणाले, जा, तिला आत बोलाव. बाई किंचाळली, भन्ते, ती येतेय! बुद्ध म्हणाले, येऊ दे, ओरडू नकोस. मग दोघींना म्हणाले, तुम्ही माझ्यासमोर आला नसता तर तुमचं वैर साप-मुंगसासारखं, कावळा-घुबडासारखं कल्पभर चाललं असतं. वैराला वैर कशाला परत करता? आणि तिथे ती गाथा म्हटली. न हि वेरेन वेरानि.

बहुतेक सांगणारे इथे गोष्ट संपवतात. मला ते पटत नाही, कारण खरी गंमत पुढेच आहे.

गाथा ऐकून यक्षिणी बदलली, स्रोतापन्न झाली, म्हणजे मार्गाला लागली. बुद्ध बाईला म्हणाले, तुझं बाळ हिच्या हातात दे. ‘भीती वाटते, भन्ते.’ ‘भिऊ नकोस.’ तिनं दिलं. ज्या हातांनी आधीची दोन बाळं नेली, त्याच हातांत तिनं तिसरं दिलं. यक्षिणीनं त्याला कुशीत घेतलं, मुका घेतला, आईकडे परत दिलं आणि रडायला लागली. का रडतेस? ती म्हणाली, आजवर कसंही करून जगत होते, तरी पोट भरत नव्हतं. आता जगू कशी?

मनातलं वैर गेलं, पण भूक तशीच राहिली. बुद्धांनी तिला उपदेश केला नाही. बाईला म्हणाले, हिला घरी ने आणि चांगली पेज-भात खाऊ घाल.

घरी आणली खरी, पण ठेवायची कुठे? आधी घराच्या मागच्या बाजूच्या आढ्यावर ठेवली. भात कांडायला लागले की मुसळ डोक्यात बसल्यासारखं वाटे. म्हणाली, मला दुसरीकडे ठेव. मग रांजणापाशी, तर पोरं खरकटं पाणी ओतत. चुलीपाशी, तर कुत्री येऊन झोपत. वळचणीला, तर पोरं घाण करत. उकिरड्यापाशी, तर केरकचरा अंगावर. गावाच्या वेशीवर, तर पोरं नेम धरून बाण मारायला शिकत. ज्यांनी घरात कोणाला सांभाळायला आणलंय त्यांना ही यादी नीट समजेल. एक जागा गैरसोयीची म्हणून दुसरी, दुसरी म्हणून तिसरी. बाईनं चिडून ‘एवढं करून हिचं समाधान नाही’ असं म्हटल्याचं गोष्टीत कुठेच येत नाही. शेवटी गावाबाहेर एका निवांत जागी तिला ठेवलं आणि बाई जेवण तिथे घेऊन जाऊ लागली.

आपल्याकडेही गावाच्या शिवेवर, झाडाखाली शेंदूर लावलेले देव असतात, तिकडे नैवेद्य जातो. मला ही गोष्ट वाचताना तेच आठवतं. आणि अजिंठ्याला गेलात तर दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात हारितीची मूर्ती जरूर पाहा. ती वेगळी यक्षिणी, पण मूळची तीही मुलं खाणारी. लेण्यात मात्र तिला मांडीवर मूल देऊन बसवलंय. लोक घाईघाईनं पद्मपाणी पाहायला पहिल्या लेण्यात शिरतात आणि दुसऱ्यात दोन मिनिटं डोकावून निघतात. तसं करू नका.

तर यक्षिणीला वाटलं, हिनं माझ्यासाठी इतकं केलं, मी काय करू? तिला पावसाचं कळत होतं. ती सांगू लागली, यंदा पाऊस भरपूर आहे, उंचावर पेर. यंदा कमी आहे, सखल जागी पेर. बाईचं पीक दरवर्षी येई, इतरांचं कधी सडे, कधी वाळे. गावकऱ्यांनी विचारलं, तुला आधीच कळतं तरी कसं? तिनं काही लपवलं नाही. माझ्या मैत्रिणीला विचारा, म्हणाली. मग सगळेच यक्षिणीला जेवण नेऊ लागले आणि ती सगळ्यांच्याच शेतांची काळजी घेऊ लागली.

आता एका शब्दाकडे पाहू. गाथेत ‘अवेर’ आहे, ‘प्रेम’ नाही. सप्टेंबर 1951 मध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर जपानशी तह करण्यासाठी भरलेल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या शांतता परिषदेत सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, जे. आर. जयवर्धने यांनी जपानकडून भरपाई मागायची नाही, ही भूमिका मांडताना हीच गाथा सांगितली. त्यांच्या इंग्रजीत मात्र तिथे ‘प्रेम’ हाच शब्द आला. भाषांतर सुंदर आहे, पण मूळ शब्द जास्त व्यवहारी आहे. अवैर म्हणजे वैर नसणं. त्या बाईनं यक्षिणीवर पहिल्या दिवशी प्रेम केलं असेल असं मला वाटत नाही. तिनं पेज-भात दिला, आणि रोज दिला. मैत्रीण हा शब्द फार नंतर आला. आणि पाहा, तोच शब्द पूर्वी यक्षिणीनं बाळ खायला दारात येताना खोटा वापरला होता.

शेवटी यक्षिणीकडे इतकं अन्न जमू लागलं की तिनं स्वतः आठ शलाका-भोजनं सुरू केली. शलाका म्हणजे काडी. काड्या वाटायच्या आणि ज्या भिक्षूला काडी मिळेल त्यानं तिथे जेवायचं. पेज-भात खाऊन जगणारी आता भिक्षूंना जेवू घालत होती. अट्ठकथा लिहिणारा पुढे सांगतो की ती आठ भोजनं आजही चालू आहेत.

नमस्कार.