भिरंडेलाच्या डबीवरचं नाव

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या घरांत उन्हाळ्यात कोकमाच्या बिया वाळत घालतात. मग टरफल काढून आतला गर कुटायचा, पाण्यात उकळायचा आणि निवल्यावर वर जमलेलं तेल काढून घ्यायचं. हेच भिरंडेल. एरवी टणक, पण हातावर चोळलं की मऊ होतं. पायांच्या भेगांवर ते पिढ्यान्‌पिढ्या लावलं जातं.

त्यापासून क्रीम बनवणारी पणजीची एक उद्योजिका आज गुंतवणूकदारांसमोर बसली आहे. तिच्या सादरीकरणातला एकच भाग आपण पाहू: या ब्रँडची नक्कल अवघड का?

आमची कृती गुपित आहे, असं ती म्हणत नाही. म्हणूच नये. सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर घटक छापावेच लागतात, आणि पारंपरिक ज्ञानावर भारतात पेटंट मिळत नाही. कंत्राटी कारखाना अशीच क्रीम उद्या दुसऱ्यालाही करून देईल. ‘भिरंडेल क्रीम’ हे नावही कुणा एकाचं होऊ शकत नाही, कारण ते मालाचं वर्णन आहे. म्हणून तिने वेगळं, घडवलेलं नाव घेतलं आणि ट्रेडमार्क नोंदवला. नोंदणी 10 वर्षांची, पुढे नूतनीकरण. पण ती फक्त नावाला कुंपण घालते. गिऱ्हाईक राहतं की जातं, ते वेगळंच प्रकरण.

त्यासाठी ती विक्रीचे दोन भाग करते, आणि माझ्या मते सगळ्या सादरीकरणाचं बळ इथेच आहे. गोव्यात डिसेंबरमध्ये खूप माल खपतो, पण पर्यटक आठवण म्हणून काहीही घेऊन जातो. ती विक्री दुकानाच्या जागेची; ब्रँडची म्हणता येत नाही. म्हणून ती विचारते: घरी गेल्यावर त्याने पुन्हा मागवलं का?

समजा, डिसेंबरमध्ये 100 पर्यटकांनी डबी घेतली. डबी दोन महिने पुरते. म्हणजे खरी परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. तेव्हा 20 जणांनी पुण्याहून, नागपुराहून पुन्हा मागवली, तर आधी त्यांतल्या सवलतीच्या ऑर्डरी वेगळ्या काढायच्या. 14 जणांनी सवलत घेतली असेल, तर उरतात सहा. त्या सहांनी पूर्ण किंमत मोजली, तीही निम्म्या दरातली कोकम क्रीम बाजारात असताना. शोधतानाही त्यांनी ‘कोकम क्रीम’ असं न टाकता तिच्या ब्रँडचं नाव टाकलं. स्पर्धक घटक उचलेल, डबीचा रंग उचलेल. हे सहा जण त्याला एकेक करून, वेळ आणि पैसा घालून मिळवावे लागतील.

आकडा छोटा आहे, हे ती लपवत नाही. दरवर्षी हिवाळ्यात आलेल्या गिऱ्हाइकांचा असाच वेगळा हिशेब ती मांडते. सहाचे पुढच्या हंगामात दहा झाले, तर ब्रँड मुरतो आहे. चार झाले, तर आपण फक्त सवलत विकत होतो, असं ती गुंतवणूकदारांना आधीच सांगून ठेवते. मागितलेल्या पैशांतला मोठा वाटाही ती जाहिरातीला देत नाही. तो आहे पर्यटक घरी पोचल्यानंतरच्या त्या दोन महिन्यांसाठी: वेळेवर पाठवलेला निरोप, आणि न चुकणारी डिलिव्हरी.