पाच मिनिटांचं विनोदी स्क्रिप्ट तपासताना

नमस्कार श्रोतेहो. स्टँड-अपच्या ओपन माइकला नव्या कलाकाराला साधारण चार-पाच मिनिटं मिळतात. वेळ संपत आली की प्रेक्षकांच्या मागून दिवा दाखवतात. एवढ्याशा वेळेचं स्क्रिप्ट मित्रानं वाचायला दिलं, की बहुतेक जण "मस्त आहे" किंवा "हसू नाही आलं" एवढंच सांगतात. लिहिणाऱ्याला त्यातून काही हाती लागत नाही. हसू नेमकं कुठं अडलं, ते दाखवता यायला हवं. त्यासाठी आज एकच विनोद घेऊ आणि तो शेवटपर्यंत तपासू. असे विनोद ओपन माइकला सर्रास ऐकू येतात. ऐका.

"आमची सोसायटी कोथरूडला आहे. चार विंग आहेत, लिफ्ट आहे, मागं बाग आहे. आमचा वॉचमन बोलताना अडखळतो. एका रात्री सी विंगमध्ये चोर शिरला. वॉचमन ओरडायला लागला, चो, चो, चो. त्याचा 'चोर' शब्द पूर्ण होईपर्यंत चोर टीव्ही घेऊन घरी पोहोचला होता."

आधी सेटअप पाहू, म्हणजे पंचच्या अगोदरचा भाग. पेन्सिल घेऊन यातला एकेक तपशील झाकायचा आणि पंच तसाच उभा राहतो का ते बघायचं. कोथरूड झाका, काही बिघडत नाही. लिफ्ट झाका, बाग झाका, तरीही नाही. म्हणजे पहिली दोन्ही वाक्यं गेली. मोठ्यानं वाचलं तर त्यांना सात-आठ सेकंद लागतात, आणि पाच मिनिटांच्या सेटमध्ये इतका वेळ हसण्याशिवाय घालवणं महाग पडतं.

सेटअपमध्ये याहून मोठा दोष आहे. वॉचमन अडखळतो हे कळलं आणि पाठोपाठ चोर आला, की पुढं काय होणार हे प्रेक्षकाला लगेच समजतं. पंच येण्याआधीच तो तिथं पोहोचलेला असतो. सेटअपनं प्रेक्षकाला एका दिशेनं न्यायचं असतं, म्हणजे पंचला वळायला जागा उरते. इथं वळणच नाही.

आता पंच. मोठ्यानं म्हणून बघा: "चोर टीव्ही घेऊन घरी पोहोचला होता." धक्का कुठल्या शब्दात आहे? "घरी" या शब्दात. त्यानंतर "पोहोचला होता" हे दोन शब्द उरतात. हसू "घरी"वर फुटायला लागतं, पण कलाकार अजून बोलतोय म्हणून लोक थांबतात, आणि थांबलेलं हसू पुन्हा तेवढ्या जोरानं येत नाही. मराठीत लिहिणाऱ्याला ही अडचण जवळजवळ प्रत्येक पंचमध्ये येते, कारण आपलं क्रियापद सहसा वाक्याच्या शेवटी बसतं. सुदैवानं बोली मराठीत शब्द हलवता येतात. "चोर टीव्ही घेऊन पोहोचलासुद्धा घरी" असं कुणीही सहज बोलतं. म्हणून तपासताना प्रत्येक पंचमधल्या धक्क्याच्या शब्दाला गोल करावा आणि त्यानंतर किती शब्द राहतात ते मोजावं. एखादा राहिला तर चालतो. दोन-तीन असतील तर वाक्य फिरवायचं.

आता यातला सर्वांत गंभीर प्रश्न: हसतोय कुणाला? वॉचमनचं अडखळणं खोडा आणि काय उरतं ते बघा. काहीच उरत नाही. म्हणजे सगळा विनोद त्या माणसाच्या बोलण्यातल्या अडचणीवर उभा आहे. त्यानं काही मूर्खपणा केलेला नाही, त्याच्या हातात कसली सत्ता नाही. उलट ज्या लोकांच्या मर्जीवर त्याची नोकरी आहे, तेच त्याला हसतायत. सभागृहात अडखळत बोलणारा एखादा प्रेक्षक बसलेला असू शकतो. हा विनोद ऐकताना त्याचं काय होतं, हा विचार स्क्रिप्ट वाचतानाच करायला हवा. मंचावर उभं राहिल्यावर उशीर झालेला असतो.

याचा अर्थ अपंगत्वाचं किंवा आजाराचं नाव काढायचंच नाही असा नाही. 2024 च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयानं एका चित्रपटासंबंधीच्या खटल्यात हाच फरक स्पष्ट केला: अपंग व्यक्तीला हिणवणारा विनोद वेगळा, आणि अपंगत्वाबद्दलच्या चुकीच्या समजुतींना आव्हान देणारा विनोद वेगळा. अडखळत बोलणारा कलाकार स्वतः मंचावर येऊन, आपलं वाक्य दर वेळी तिसराच माणूस कसा घाईनं आणि चुकीचं पूर्ण करतो हे सांगत असेल, तर हसू त्या उतावळ्या माणसाचं होतं. विषय तोच, नेम मात्र बदलला.

मग आपल्या विनोदाचा नेम बदलू. रात्रीची सोसायटी आहे, चोर आहे, वॉचमन जागा आहे. यात खरोखर हास्यास्पद वागणारं कोण असू शकतं? कमिटी. नवा मसुदा असा:

"रात्री दोन वाजता आमच्या वॉचमननं सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'सी विंगमध्ये चोर शिरलाय.' मिनिटभरात सेक्रेटरीचं उत्तर आलं: 'आधी सांग, गाडी लावलीय कुणाच्या पार्किंगमध्ये?'"

"कुणाच्या पार्किंगमध्ये गाडी लावलीय" असं लिहिलं असतं, तर पुन्हा क्रियापदानं पंच गिळला असता. शिवाय आता वळण आहे. प्रेक्षक पोलिसांची वाट बघतो आणि समोर येतं पार्किंग. यावर लगेच एक टॅग बसतो, म्हणजे त्याच सेटअपवरचा दुसरा, छोटा पंच. खजिनदार लिहितो, "सी विंग ना? मेंटेनन्स थकलाय त्यांचा. नेऊ दे." आता समजेल की सेटअपमधून सी विंग का काढली नाही. टॅगला ती लागते.

थांबेही स्क्रिप्टमध्येच लिहावेत. एक तिरकी रेघ म्हणजे श्वासाएवढा थांबा, दोन म्हणजे हसू उतरायला लागेपर्यंत. "उत्तर आलं" नंतर एक रेघ, "पार्किंगमध्ये" नंतर दोन. पंचच्या आधी याहून लांब थांबलात तर प्रेक्षक अंदाज बांधू लागतो. पंचनंतर हसू पूर्ण विरेपर्यंत गप्प राहिलात तर खोली थंड पडते. हसू चढून उतरायला लागलं की पुढचं बोलावं. आणि दोन रेघांनंतरच्या पहिल्या वाक्यात महत्त्वाची माहिती कधीच ठेवू नये, कारण ते वाक्य हसण्यात बुडतं आणि पुढचा विनोद कुणाला कळतच नाही. हा दोष कागदावर चटकन दिसत नाही, म्हणून तो मुद्दाम शोधावा लागतो.

एक जागा हमखास निसटते. वॉचमनचा विनोद बदलला, पण सेटच्या शेवटी त्याच्या "चो, चो"ची आठवण करून देणारा कॉलबॅक तसाच राहिला, तर सगळी दुरुस्ती वाया जाते. एखादा विनोद काढला किंवा फिरवला, की पुढं त्याचा उल्लेख कुठं कुठं आलाय ते शोधून तिथंही बदल करायचा.

शेवटी घड्याळ लावून मोठ्यानं वाचा. पाच मिनिटांच्या सेटचं वाचन चार मिनिटांच्या आत संपलं पाहिजे, उरलेला वेळ हसण्याचा. मग प्रयोगाचं रेकॉर्डिंग फोनवर करून स्क्रिप्ट समोर ठेवून ऐका. जिथं हसू अपेक्षेपेक्षा आधी आलंय, तिथं सेटअपनं पंच फोडलाय. जिथं "ओह्" ऐकू आलं आणि मग थोडेच लोक हसले, तिथं नेम कुणावर होता ते पुन्हा तपासा, मग पुढच्या ओळींना हशा मिळालेला असला तरीही.