एकाच पाण्यातले तिघे

(दृश्य: भिगवणजवळ उजनीचं बॅकवॉटर. हिवाळ्यातली सकाळ. एक स्थिर छायाचित्र.)

हे छायाचित्र नीट बघा. उथळ पाण्यात तीन पक्षी आहेत, तिघांचे पाय काटकुळे आणि लांब. मागे गुलाबीसर पांढरा रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. मध्ये पिवळ्या चोचीचा चित्रबलाक. पुढे काळा-पांढरा, तांबड्या पायांचा शेकाट्या. लांब पाय आपल्याला एवढंच सांगतात की हे पाण्यात उभे राहणारे पक्षी आहेत. तिघं खातात काय आणि रात्री जातात कुठे, हे कळायला चोच आणि पायाची बोटं बघावी लागतात.

(दृश्य: शेकाट्याची चोच, जवळून.)

शेकाट्याची चोच सुईसारखी सरळ आणि बारीक. पाण्यावरचा किडा किंवा पाण्यातली अळी दिसली, की तो ती नेमकी टिपतो. त्याची शिकार नजरेवर चालते.

(दृश्य: चित्रबलाक, चोच अर्धी उघडून पाण्यात.)

चित्रबलाकाची चोच लांब, जाड, टोकाशी किंचित खाली वळलेली. ती अर्धवट उघडी ठेवून तो पाण्यात इकडून तिकडे फिरवतो. मासा चोचीला लागला रे लागला, की चोच मिटते. त्यामुळे गढूळ पाण्यातही त्याचं अडत नाही, मासा दिसायची गरजच नसते.

(दृश्य: रोहितची वाकलेली चोच. मग मान खाली, डोकं उलटं.)

आता रोहित. याची चोच मध्येच काटकोनासारखी वाकलेली दिसते. पक्षी मान ताठ करून उभा असताना ती अगदी गैरसोयीची वाटते, कारण ती उलटी धरून वापरायची चोच आहे. रोहित डोकं पाण्यात घालतो तेव्हा चोचीची वरची बाजू खाली जाते.

मग हा वाक कशासाठी? सरळ चोच उघडली तर टोकाशी मोठी फट पडते आणि मुळाशी लहान. वाकलेली चोच थोडीशी उघडली, तर फट बऱ्याच लांबीपर्यंत जवळपास सारखी राहते. चोचीच्या आतल्या कडांना बारीक पट्ट्यांची झालर असते, आणि खालच्या भागात जाडजूड जीभ. जीभ मागे गेली की पाणी आत येतं, पुढे आली की झालरीतून बाहेर पडतं. सेकंदाला चार-पाच वेळा हा पंप चालतो. पाणी जातं, अळ्या, बारीक कवचधारी जीव आणि बिया आत उरतात. आपली चहाची गाळणी एकाच दिशेनं गाळते, इथे तर गाळणीलाच पंप जोडलेला आहे.

या चोचीवरून गाळून खाण्याची पद्धत पक्की कळते. नेमकं काय गाळलं, ते त्या पाण्यात काय आहे त्यावर ठरतं. म्हणून केवळ छायाचित्र पाहून ‘हा अळ्या खातोय’ असं म्हणायला मी धजणार नाही. मुंबई-ठाण्याच्या खाडीत मोठ्या संख्येनं येणाऱ्या ‘लहान रोहित’ या वेगळ्या जातीच्या चोचीतली झालर याहूनही बारीक असते. तो मुख्यतः सूक्ष्म शेवाळ गाळतो, म्हणून दोन्ही जाती एका पाण्यात आल्या तरी त्यांचं खाणं बरंचसं वेगळं राहतं.

(दृश्य: थवा उडतो. पाय मागे ताणलेले.)

पायांचे फोटो मिळणं अवघड, कारण बोटं पाण्याखाली असतात. पक्षी चिखलावर आला किंवा उडाला, की संधी मिळते. शटर 1/2000 सेकंदाच्या आसपास ठेवलं तर बोटं स्पष्ट येतात.

रोहितच्या पुढच्या तीन बोटांमध्ये पडदा आहे. मऊ गाळात पाय कमी रुततो, आणि पाणी खोल झालं तर तो पोहतोही. कधीकधी एकाच जागी पाय आपटत गोल फिरतो, तळचा गाळ ढवळून वर आणतो. पाणी ओसरल्यावर चिखलात त्याच्या फिरण्याची गोल खळगी दिसते.

आता मागचं बोट बघा. शेकाट्याला ते नाहीच. रोहितचं इवलंसं, तेही वर चढलेलं. चित्रबलाकाचं मात्र लांब आणि जवळपास पुढच्या बोटांच्या पातळीवर. फांदीला विळखा घालायला हेच बोट लागतं. म्हणून चित्रबलाक झाडावर घरटं बांधतो. इथून जवळच, इंदापुरात, चिंचेच्या झाडांवर त्यांची वसाहत आहे. शेकाट्या पाण्याकाठी जमिनीवरच अंडी घालतो. रोहित उथळ पाण्यात चिखलाचा उंचवटा रचतो, पण इथे नाही, त्यासाठी तो कच्छच्या रणासारख्या ठिकाणी जातो.

(दृश्य: संध्याकाळ. चित्रबलाक झाडाच्या फांदीवर उतरतो.)

मागचं बोट फांदीखालून आलं आहे, पुढची तीन वरून. खाली पाण्यात रोहित अजून तिथेच उभा आहे, एका पायावर, डोकं पाठीच्या पिसांत खुपसून.