उजेडाची वाटणी

[दृश्य: पहाट. मैदानाचं लोखंडी फाटक. कुलूप उघडणारे हात.]

कोल्हापुरातल्या एका पेठेतलं हे मैदान. फाटकाची किल्ली, पाण्याच्या नळाचा चाक-वॉल्व्ह आणि झाडाखालचा हा रोलर, तिन्ही मैदान राखणाऱ्या मामांच्या ताब्यात असतं. मैदान कुणाला द्यायचं हे ठरवायचा अधिकार मामांना नाही, तो कार्यालयाला आहे. पण रोज फाटक कधी उघडतं, पीचवर पाणी कधी पडतं आणि रोलर कधी फिरतो, हे त्यांच्याच हातात आहे. म्हणून इथं क्रिकेट आणि फुटबॉल खेळणाऱ्या पोरांनी मैदानाच्या वेळा वाटून घेण्यासाठी पत्र लिहिलं ते मामांना. कार्यालयाला त्याची प्रत गेली.

[दृश्य: कट्टा. वही, पेन, चहाचे ग्लास. एका बाजूला बॅटी, दुसऱ्या बाजूला फुटबॉलची जाळी.]

कोल्हापूर म्हटलं की फुटबॉल. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल या संघांची नावं इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने होतात. पण हेच गाव भाऊसाहेब निंबाळकरांचंही आहे. त्यांनी १९४८ साली पुण्यात काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा काढल्या होत्या. त्यामुळे 'मैदान मुळात कुणाचं' हा वाद कट्ट्यावर सुरू झाला की तो संपत नाही. या पत्राची चांगली गोष्ट ही की त्यात हा वाद घेतलेलाच नाही. पत्र सुरू होतं ते थेट पीचपासून.

[दृश्य: उंचावरून मैदान. मध्यभागी काळ्या मातीची पट्टी, भोवती लाल माती.]

वरून पाहिलं की अडचण लगेच दिसते. क्रिकेटचं पीच, म्हणजे दोन्ही स्टंपांमधलं अंतर, २२ यार्ड. मीटरमध्ये २०.१२. फुटबॉलच्या मैदानात मधोमध जे वर्तुळ असतं त्याची त्रिज्या ९.१५ मीटर, म्हणजे वर्तुळाची रुंदी १८.३० मीटर. या मैदानावर दोन्ही खेळांचा मध्य एकच आहे. त्यामुळे पीच जवळजवळ सगळं त्या वर्तुळातच बसतं. फुटबॉलचा सामना जिथून सुरू होतो, तो ठिपका बरोबर पीचच्या पोटात येतो. चेंडूसाठी झटापट होते ती इथंच. पळताना झटक्यात वळायचं तेही इथंच.

[दृश्य: अगदी जवळून. ओल्या काळ्या मातीत स्टडचे खड्डे. बोटाचं पेर आत जातं.]

ही खूण स्टडच्या बुटाची. माती ओली असताना पडलेली. वाळल्यावर हा खड्डा दगडासारखा घट्ट होतो आणि त्याच्या कडेवर टप्पा पडला की चेंडू एकदा घोट्याशी येतो, एकदा हनुवटीशी. आता ही दुसरी खूण बघा. हा बॉलरचा पाय जिथं आपटतो तो खळगा. संध्याकाळी पळणाऱ्या फुटबॉलवाल्याचा पाय यात मुरगळतो. दोन्ही खेळ एकमेकांना असा त्रास देतात, आणि दोन्ही खड्डे रोज सकाळी मामाच बुजवत होते.

[दृश्य: वहीचं पान. खोडलेल्या वेळा.]

पोरांचा पहिला मसुदा साधा होता. सकाळी ६ ते ८ क्रिकेट, ८ ते १० फुटबॉल. संध्याकाळीही तसंच, दोन सारखे भाग. कागदावर न्याय झाला होता. मामांनी तो उभ्याउभ्या वाचला आणि परत दिला.

"डिसेंबरात सहाला काय दिसतंय काय? टाकलेला बॉल दिसायचा न्हाई. आणि दव पडल्यालं असतंय, त्याचं काय?"

मामांच्या या दोन वाक्यांवर पुढचं सगळं पत्र उभं राहिलं.

[दृश्य: दवानं भिजलेलं गवत. टेनिस बॉल घरंगळतो, मागे ओली रेघ.]

डिसेंबरच्या सुरुवातीला कोल्हापुरात सूर्य पावणेसातच्या सुमाराला उगवतो आणि संध्याकाळी सहाच्या आत मावळतो. मे महिन्यात तो सहालाच वर येतो आणि सातच्या सुमाराला जातो. म्हणजे घड्याळातले तेच सहा डिसेंबरात काळोखाचे असतात आणि मेमध्ये लख्ख उजेडाचे. त्यात थंडीतलं दव. टेनिस बॉल दवात भिजला की जड होतो, हातातून निसटतो, टप्प्यावर उठत नाही. फुटबॉलला दवाचा एवढा त्रास नाही. शिवाय चेंडू मोठा, तो अंधुक उजेडातही दिसतो. क्रिकेटमध्ये समोरून वेगानं येणारा छोटा चेंडू संधिप्रकाशात दिसला नाही, तर तो थेट तोंडावर लागतो.

मग वाटणी आपोआप ठरली. सकाळी आधी फुटबॉल, ऊन आल्यावर क्रिकेट. संध्याकाळी उलट: आधी क्रिकेट, आणि दिवस मावळताना फुटबॉल. दिवसाच्या दोन्ही अंधुक कडा फुटबॉलकडे, मधला चांगला उजेड क्रिकेटकडे. दोन्ही बाजूंनी हे मान्य केलं, कारण यात कुणी कुणावर उपकार करत नव्हतं.

[दृश्य: मामा नळ सोडतात. पीचवर पाणी. मग रात्र.]

पण पाण्याचा प्रश्न राहिला. उन्हाळ्यात पीचवर पाणी मारायचं तर रात्री. दुपारी मारलं तर वरचं उडून जातं आणि खाली मुरत नाही. रात्री मारलं की सकाळी माती ओली असते, आणि नव्या वाटणीत नेमके त्याच वेळी स्टडचे बूट मैदानावर येणार. इथं पत्र जवळजवळ अडलं होतं.

[दृश्य: कागदावर पेन्सिलीनं आखलेलं मैदान. नंतर तेच मैदान, दोरी आणि फक्कीच्या रेघा.]

फुटबॉलवाल्या पोरांनीच तोड काढली. सरावाला अख्खं मैदान लागत नाही. हे मैदान साधारण शंभर मीटर लांब आहे. मधलं पीच आणि त्याच्या दोन्ही टोकांना पाच-पाच मीटर दोरीनं बंद केले, तरी प्रत्येक बाजूला पस्तीस मीटर उरतात. तिथं मैदान आडवं वापरायचं. एका टोकाला मोठी पोरं, दुसऱ्या टोकाला छोटी. गोल हलके, उचलून ठेवायचे. पीच ओलांडून पलीकडे जायचं नाही, चेंडू गेला तर दोरीला वळसा घालून जायचं. पत्रातलं हे वाक्य पोरांनी ठळक केलंय.

[दृश्य: मामांचा अंगठा मातीत दाबला जातो. अगदी जवळून.]

आणि हा अंगठा बघा. रोलर कधी फिरवायचा हे मामा असं ठरवतात. अंगठा दाबल्यावर ठसा उमटला पाहिजे, पण माती अंगठ्याला चिकटता कामा नये. चिकटली तर अजून ओली आहे. रोलर फिरवला तर मातीचे पापुद्रे उचलून येतील. ठसाच उमटला नाही तर उशीर झाला, आता रोलर नुसता वरून सरकेल. ही वेळ हंगामाप्रमाणे मागेपुढे होते. म्हणून पत्रात रोलरची वेळ लिहिलेली नाही. 'मामा सांगतील तेव्हा' असं लिहिलंय, आणि रोलर ओढायला रोज चार पोरं द्यायचं कबूल केलंय. दोन क्रिकेटची, दोन फुटबॉलची.

[दृश्य: पत्र. आवाज एका खेळाडूचा.]

"मामा, स.न.वि.वि. आम्ही खाली सह्या करणारे क्रिकेटचे आणि फुटबॉलचे खेळाडू मिळून ही विनंती करतो. दिसायला लागलं की फाटक उघडावं. तिथून आठपर्यंत फुटबॉलचा सराव, दोन टोकांना. आठ ते दहा क्रिकेट. उन्हाळ्यात साडेचार ते सहा क्रिकेट, सहापासून अंधार पडेपर्यंत फुटबॉल. थंडीत संध्याकाळचा उजेड दोघांत वाटण्याइतका नसतो, म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार क्रिकेट आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार फुटबॉल. आपापले खड्डे ज्याचे त्याने बुजवायचे आहेत, तुम्ही नाही."

थंडीतल्या या दिवसाआडच्या नियमामागचं कारण सोपं आहे. शाळा सुटून पोरं पाचला येतात, सहाला दिसेनासं होतं. त्या एका तासाचे दोन तुकडे केले तर एकाचं पॅड बांधून होईपर्यंत दुसऱ्याची पाळी येते.

[दृश्य: रविवार. पूर्ण मैदानावर फुटबॉलचा सामना. पळापळ, धूळ.]

रविवार वेगळा. नोकरीवाल्यांना आठवड्यात सकाळी आठ ते दहा ही वेळ जमत नाही, म्हणून रविवारची अख्खी सकाळ क्रिकेटच्या सामन्यांना दिली. संध्याकाळी फुटबॉलचा सामना, आणि सामना म्हटला की पूर्ण मैदान, म्हणजे पीचवरूनच. त्यासाठी पाण्याचं गणित मागं न्यावं लागलं. पीचला पाणी शुक्रवारी रात्री मारायचं, शनिवारी सकाळी रोलर फिरवायचा आणि शनिवारी रात्री पाणी नाही. रविवारी संध्याकाळपर्यंत पीच कोरडं, टणक होतं. स्टडनं ओरखडे येतात, खड्डे पडत नाहीत. सामना संपल्यावर उरलेल्या खुणा झाडून घ्यायच्या, पीचची तीच काळी माती चाळून, ओली करून त्यात भरायची आणि ठोकायची. लाल माती भरायची नाही. ती काळ्या मातीत धरत नाही, दोन दिवसांत सुटते आणि भोक परत उघडं पडतं.

[दृश्य: पोरं घमेल्यातून माती आणतात. एकजण धुमसानं ठोकतो.]

ही दुरुस्ती आम्हाला नीट टिपता आली. घमेलं धरणारा क्रिकेटचा, ठोकणारा फुटबॉलचा. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं.

[दृश्य: सह्या. तालमीचे शिक्के. मामा घडी घालून पत्र खिशात ठेवतात.]

मामांनी पत्रात एकच भर घातली. पावसाची. मैदानावर चालल्यावर पावलाच्या ठशात पाणी साचलं, तर त्या दिवशी फाटक उघडणार नाही, कुठल्याच खेळाला. मोठ्या पावसात कोल्हापूरचं मैदान एकदा तुडवलं गेलं की त्याची वाट लागते, आणि मग दिवाळीपर्यंत ते सरळ होत नाही. पोरांनी ही ओळ लगेच लिहून घेतली.

[दृश्य: फाटकावर प्लास्टिकच्या पिशवीत लावलेलं वेळापत्रक.]

कार्यालयाचं उत्तर यायचं आहे. बाहेरच्या कार्यक्रमांना मैदान दिलं की मांडवाच्या खुंट्यांची भोकं कुणी बुजवायची, हे त्यांनाच ठरवावं लागेल. रोजचं वेळापत्रक मात्र सुरू झालंय. पहिल्या आठवड्यात दोनदा खटके उडाले, दोन्ही वेळा संध्याकाळी सहाच्या सुमाराला, क्रिकेटची शेवटची ओव्हर लांबली म्हणून. आता सहाला मामा शिट्टी वाजवतात.