थव्याचा गोळा का होतो?

नमस्कार मंडळी. गेल्या व्हिडिओत आपण p5.js मध्ये कोड लिहून स्क्रीनवर पक्ष्यांचा थवा उडवला. त्याखाली एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आलाय: "दादा, थवा सुरू होतो छान, पण दहा सेकंदांत सगळे पक्षी एकमेकांवर चढून गोळा होतो." म्हणून आज फक्त तेवढंच.

संगणकावर थवा उडवणाऱ्या क्रेग रेनॉल्ड्सचे १९८७चे तीन नियम तुम्हाला माहीत आहेत: शेजाऱ्यांपासून अंतर ठेव, ते जिकडे उडतायत तिकडेच उड, त्यांच्या मध्याकडे सरक. थव्याचं वर्णन करायचंच नाही, एका पक्ष्याचं करायचं. झालं, पुढे.

घोळ पहिल्या नियमात होतो. तुम्ही पाठवलेल्या बहुतेक कोडमध्ये हे आहे:

```js
let diff = p5.Vector.sub(this.pos, other.pos);
steer.add(diff);
```

नीट बघा. शेजारी २० पिक्सेलवर असेल तर या `diff`ची लांबी २०. अगदी अंगाला खेटून, २ पिक्सेलवर असेल तर लांबी २. म्हणजे लांबचा दहापट जोरानं ढकलतोय आणि खेटलेला जेमतेम! मग गोळा होणारच. या दोन ओळींच्या मध्ये एक ओळ वाढवा, `d` म्हणजे दोन पक्ष्यांमधलं अंतर:

```js
diff.div(d * d);
```

आता २० वाल्याचा धक्का ०.०५ आणि २ वाल्याचा ०.५. जवळचा दहापट ढकलतो.

काही जण म्हणतात, "मी अंतराच्या नियमाचं वजन तिप्पट केलं, तरी गोळा." अहो, उलटं गणित तिप्पट केलं तरी उलटंच राहतं. वजनाला हात लावण्याआधी भागाकार तपासा.

भागाकार करूनही दोन-दोन पक्षी चिकटलेले दिसतात? मग `if (d > 0)` शोधा. स्वतःला वगळायला आपण ते लिहितो. पण दोन पक्षी नेमके एकाच जागी आले, तर `d` शून्य होतं आणि ते एकमेकांना "मीच" समजून सोडून देतात. त्याऐवजी `other !== this` लिहा आणि `d` शून्य असेल तेव्हा भागाकार न करता `p5.Vector.random2D()`नं छोटा धक्का द्या.

मागच्या हिवाळ्यात मी ज्वारीच्या रानावर भोरड्यांचा थवा मोबाइलवर टिपला. चालू व्हिडिओत तो काळा ढगच वाटतो. पण एक फ्रेम थांबवून मोठी केली, तर सगळ्यात दाट भागातही दोन पक्ष्यांमध्ये आभाळाची फट दिसते. मला तुमच्या स्क्रीनवर ती फट हवी आहे. रोममध्ये साळुंक्यांच्या भाईबंदांवर झालेल्या अभ्यासात, २००८ साली, असं दिसलं की प्रत्येक पक्षी जवळच्या सहा-सात जणांशीच जुळवून घेतो, मग ते कितीही अंतरावर असोत. म्हणून थवा फाकला तरी तुटत नाही. मासे असोत की हरणं, सुरुवात मी याच कोडनं करतो, फक्त वेग आणि वळण बदलतो.

तपासायचं कसं? एक पक्षी लाल करा, त्याच्यापासून सात शेजाऱ्यांपर्यंत रेषा काढा आणि `frameRate(5)` ठेवा. एखादी रेषा दिसेनाशी होऊन तशीच राहिली, तर ती जोडी चिकटली. तो कोड मला पाठवा.